लेक मी आमरस

माझा भाचा जर्मनीला निघाला तेव्हा ताईने त्याच्याबरोबर अडीच किलो मेतकूट, दोन डबे शेंगदाण्याची चटणी आणि माझ्यासाठी एक निरोप पाठवला. "त्याच्या जर्मनची काळजी करू नकोस. पुण्याला मॅक्समुल्लर भवनात बी-वनपर्यंत झालंय त्याचं." त्याचं प्रमाणपत्र तिने लॅमिनेट करून घेतलं होतं.

काळजी मला जर्मनची नव्हतीच. काळजी होती ती जर्मन लोक काय बोलतात याची. भाचेबुवा येणार होते ते श्टुटगार्टजवळ नेकार नदीकाठच्या एका गावात, मिलिंग मशीन बनवणाऱ्या कारखान्यात. हा सगळा श्वाबेन प्रांत. मी वीस वर्षं इथे राहतोय आणि अजूनही आमच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला चिडलाय की पाव संपलाय म्हणून सांगतोय, हे मला नुसतं ऐकून कळत नाही. ही मंडळी प्रत्येक वस्तूला 'ले' लावून तिचं बाळ करतात. घर असलं की 'हॉयझ्ले', गाडी असली की 'आउटोले'. श्वाबेन ज्या राज्यात येतं, त्या राज्याने 1999 साली स्वतःची जाहिरात करायला घेतली, तेव्हा घोषवाक्यच असं निवडलं की आम्हाला सगळं येतं, फक्त शुद्ध जर्मन येत नाही. त्या न येणाऱ्या जर्मनमध्ये आमचं हे बी-वन उतरलं.

पुस्तकातले जर्मन लोक आदर्श असतात. ते स्टेशनवर गाडीची वेळ विचारतात, सफरचंदं विकत घेतात आणि पत्राच्या शेवटी 'मित्रत्वाच्या शुभेच्छांसह' लिहितात. त्यांच्या पायावर पाना पडत नाही. त्यामुळे पाना पडल्यावर माणूस काय बोलतो, याचा धडा तिसावा येतो, एकतिसावा येतो, पण कधीच येत नाही.

भाच्याने खोली घेतली ती एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर. बाई धार्मिक, काटकसरी, आणि स्वच्छतेच्या बाबतीत आमच्या आजीच्या वरताण. श्वाबेनमध्ये 'केरवोखे' नावाची एक संस्था आहे. संस्था म्हणजे ऑफिस नव्हे. विवाहसंस्था म्हणतो तशी. इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडावर आठवड्याची पाळी येते. जिन्याचा केर काढायचा, फरशी पुसायची, घरासमोरचा फुटपाथ झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक पाटी टांगलेली असते. ती पाटी दिसली की माणूस आजारी पडायचंही पुढच्या आठवड्यावर ढकलतो.

भाचेबुवांना हा शब्द कळला आणि त्यांनी मला रात्री दहाला फोन केला. "मामा, केर म्हणजे केरच! केराचा आठवडा! आपलंच आहे हो सगळं!"

मी म्हटलं, "अरे, योगायोग असेल."

"एक योगायोग असतो मामा. बघत राहा."

पुढे जे काही घडलं त्याचं मूळ या 'बघत राहा'मध्ये आहे. मराठीच्या खुंटीवर जर्मन शब्द टांगले की ते पडत नाहीत, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

ऑक्टोबरात त्याला पहिल्यांदा स्पिंडल बसवायच्या कामावर उभं केलं. हे काम मी जवळून पाहिलंय, म्हणून सांगतो. मशीनच्या स्पिंडलमध्ये एक घासून गुळगुळीत केलेली पोलादी दांडी घट्ट बसवतात. तिला टेस्ट मँड्रेल म्हणतात. दांडीला डायल टेकवायचा आणि स्पिंडल हाताने हळू फिरवायचा. दांडी जराही वेडीवाकडी फिरली, तर डायलचा काटा हलतो. आधी स्पिंडलच्या तोंडाशी मोजायचं, मग तिथून तीनशे मिलिमीटर पुढे. तोंडाशी झालेली इवलीशी चूक टोकाला वाढून दिसते. छडी धरणाऱ्या मास्तरांच्या मनगटापेक्षा छडीचं टोक जास्त हलतं, तसंच. या मशीनला तोंडाशी पाच मायक्रॉन चालत होते आणि टोकाला दहा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून काय ते समजा. पहिल्या फटक्यात हे आकडे कधी येत नाहीत. सगळं उतरवायचं, पुसायचं, थोडं फिरवून परत बसवायचं, यात दोन दिवस सहज जातात.

त्या दिवशी तोंडाशी दोन आले आणि टोकाला चार.

तिथला मायस्टर, म्हणजे शॉपचा मुकादम, चाळीस वर्षांचा अनुभवी माणूस. त्याने चष्मा कपाळावर चढवला, काट्याकडे पाहिलं, दांडी आणखी एकदा फिरवली, पुन्हा पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर पंढरपुरात कळस दिसल्यासारखं काहीतरी पसरलं आणि तो अगदी सावकाश म्हणाला, "या, लेक मी आमार्श!"

मागे उभ्या असलेल्या दोघांनीही काटा पाहिला आणि तेच म्हटलं. एकाने भाच्याच्या पाठीवर थाप मारली.

भाच्याने खिशातली वही काढून लिहिलं: 'लेक + मी + आमरस. अर्थ: वा!'

आता इथे कुणीही शहाणा माणूस शब्दकोश उघडेल. पण हा इंजिनियर. एका रीडिंगवरून निष्कर्ष काढायचा नाही, हे त्याला शिकवलेलं. त्याने महिनाभर निरीक्षणं घेतली. ती वही मी नंतर पाहिली. रकाने आखलेले: तारीख, कोण, प्रसंग, सूर, अर्थ. एकूण अकरा नोंदी. निवृत्त झालेला जुना सहकारी अचानक भेटायला आला, मिठी मारली, अर्थ: अरे, तू कुठे इकडे! कुणाच्या तरी मुलीला जुळं झालं, अर्थ: नवल. गॅरेजचं बिल पाहिलं; अर्थ: बाप रे. पायावर ॲलन कीचा डबा पडला, सूर आखूड, अर्थ: आई गं. कँटीनमध्ये माउलटाशेन फार चांगले झाले होते. अर्थ: क्या बात है. माउलटाशेन म्हणजे आपल्या करंजीसारखा प्रकार, फक्त आत सारणाऐवजी मांस. उपासाच्या दिवसांत भिक्षूंनी देवाला दिसू नये म्हणून मांस कणकेत लपवलं, अशी त्याची कथा सांगतात. म्हणून त्याचं लाडाचं नाव 'देवाला फसवणारे बाळ', आणि यातल्या 'फसवणे'साठी वापरलेलं क्रियापद मूळचं संडासातलं आहे. आजीबाईसुद्धा ते नाव नातवंडांसमोर घेतात. इथल्या लोकांची तब्येत कळावी म्हणून सांगितलं.

अकरापैकी दहा नोंदी एका रेषेत बसत होत्या. अकरावी मात्र वेगळी होती. युनियनच्या सभेनंतर कुणीतरी एका साहेबाचं नाव घेऊन म्हणालं होतं की तो आपली 'लेक मी आमार्श' करू शकतो. सूर: कडवट. त्या नोंदीपुढे भाच्याने लाल शाईने लिहिलं होतं: 'आउटलायर. वगळला.'

मोजमापाचं काम करणाऱ्या सगळ्यांनी ही ओळ भिंतीवर लावून ठेवावी. दहा नोंदी सांगत होत्या की वाक्याला काय अर्थ चढलाय. मूळ अर्थ काय होता, ते वगळलेली एकच नोंद सांगत होती. तो मूळ अर्थ असा: माझं ढुंगण चाट.

नोव्हेंबरपासून भाचेबुवा उघडपणे बोलू लागले. बर्फ पडला तरी लेक मी आमार्श, बस वेळेवर आली तरी तेच. शॉपमध्ये याचं फार कौतुक झालं, कारण हा सावळा, चष्मेवाला, डब्यात थालीपीठ आणणारा पोरगा ते वाक्य अगदी गावच्या हेलात म्हणायचा. मायस्टर त्याला मुद्दाम चांगल्या रीडिंगच्या वेळी बोलावून घ्यायचा. त्याची पहिली केरवोखे पार पडली तेव्हा घरमालकीणबाईंनी जिन्याच्या कठड्याखालून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि 'सुंदर' म्हणाल्या. यानेही हात जोडून मनापासून म्हटलं, "या, लेक मी आमार्श!" बाई कठडा धरून बसल्या. हसू आवरल्यावर त्यांनी शेजारणीला फोन करून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी याच्या दाराशी केकचा तुकडा ठेवला. अशा रीतीने बाराव्या नोंदीलाही गोड निष्कर्ष निघाला.

गंमत अशी की भाचा चुकत नव्हता. श्वाबेनमध्ये त्या वाक्याला 'श्वाबी नमस्कार' असंच नाव आहे. आपलं 'च्यायला' घ्या. त्यात कुणाची तरी आई आहे, हे म्हणणाऱ्याला आठवत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. 'च्यायला, काय भेळ आहे!' म्हणताना कुणी कुणाच्या मातोश्रींपर्यंत पोहोचत नाही. शिवी वापरून वापरून इतकी झिजली आहे की नाण्यावरचा राजाच दिसेनासा झालाय. चालतं मात्र नाणं. अडचण एवढीच की झिजलेलं नाणं गावात चालतं, परगावच्या बँकेत चालत नाही.

परगावची बँक मार्चमध्ये आली, हॅम्बुर्गकडून. एका मोठ्या गिऱ्हाईकाच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख बाई मशीन ताब्यात घ्यायच्या आधीच्या चाचणीसाठी आल्या. मशीनवर सलग पन्नास नग कापायचे, प्रत्येकाचं भोक मोजायचं, आकडे टेबलात भरायचे. सकाळी आठला सुरू झालेलं काम दुपारी तीनला संपलं. पन्नासच्या पन्नास नग हद्दीत. भाच्याने सगळी मोजमापं स्वतः केली होती. बाईंनी कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "छान. दुसरं मशीनही आम्ही तुमच्याकडूनच घेऊ, असं दिसतंय."

भाच्याच्या ओठांवर वाक्य आलं. आणि नेमक्या त्याच क्षणी मॅक्समुल्लर भवन जागं झालं.

त्याने मला नंतर त्या दोन सेकंदांचा हिशोब दिला. त्याच्या मनात आलं, 'लेक' हे आज्ञार्थाचं एकवचन दिसतंय. म्हणजे 'तू'चं रूप. शॉपमधल्या लोकांशी ठीक आहे. पण या बाई वयाने मोठ्या, पाहुण्या, वर गिऱ्हाईक. त्यांना अरे-तुरे कसं करायचं? लहानपणापासून आपल्याला काय शिकवलंय? तेव्हा त्याने क्रियापद 'आपण'मध्ये नेलं, गावठी 'मी'चं पुस्तकी 'मिश' केलं आणि नम्रता उणी पडू नये म्हणून मध्ये एक 'बिटे', म्हणजे 'कृपया', घातलं. मग किंचित झुकून, तोंडभर हसत, खणखणीत शुद्ध जर्मनमध्ये म्हणाला:

"लेकन झी मिश बिटे आम आर्श!"

म्हणजे, कृपया आपण माझं ढुंगण चाटावं.

तो सांगतो की त्यानंतर कूलंटच्या पंपाचा आवाज तेवढा येत होता.

हा सगळा घोटाळा आदरामुळे झाला. ते वाक्य 'तू'मध्ये गोठलेलं होतं, कुणालाही उद्देशून नव्हतं. हवेत सोडलेला उद्गार होता. 'आपण' म्हटल्याबरोबर त्यात समोर माणूस आला, क्रियापद वितळलं, चाटणं खरंखुरं चाटणं झालं. आपल्याकडे कुणी 'च्यायला'तलं अरे-तुरे काढून 'आपल्या मातोश्रींच्या...' असं सुरू केलं, तर भेळ बाजूला ठेवून मारामारी होईल. झिजलेल्या शिवीला जिवंत करायचा खात्रीचा उपाय म्हणजे ती अदबीने द्यायची.

रात्री तो माझ्याकडे आला तो थेट नोकरी, व्हिसा आणि लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र या तिन्हींवर पाणी सोडून. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की जर्मनीत नुसता अपमान करणं हाही फौजदारी गुन्हा आहे. ते खरं आहे. इथल्या दंडसंहितेचं 185वं कलम त्यासाठीच आहे; दंड होतो, एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. मी त्याला वरण-भात वाढला आणि म्हटलं, जेव आधी. तू काही साध्यासुध्या माणसांच्या पंक्तीला बसलेला नाहीस.

इथून उत्तरेला यागस्टहाउझेन नावाचं गाव आहे. तिथल्या गढीत ग्योत्स फॉन बेर्लिशिंगेन या सरदाराचा लोखंडी हात ठेवलेला आहे. 1504 साली लांड्सहूटच्या वेढ्यात त्याचा उजवा हात गेला, मग त्याने बोटं वळणारा लोखंडी हात करवून घेतला आणि पुढे कैक वर्षं लढाया केल्या. त्याच्यावर गोएथेने नाटक लिहिलं, 1773मध्ये. त्यात ग्योत्सच्या गढीला वेढा पडतो, बादशहाच्या सैन्याचा कप्तान शरण या म्हणून निरोप पाठवतो, आणि ग्योत्स खिडकीतून सांगतो की बादशहांबद्दल मला नेहमीसारखाच आदर आहे, पण कप्तानाला सांगा, त्याने माझं हे करावं. आणि खिडकी आपटून बंद. पुढच्या छापील आवृत्त्यांत त्या जागी नुसत्या रेघा आल्या. पण रेघांच्या जागी काय वाचायचं, हे साऱ्या जर्मनीला पाठ. आजही सभ्य माणसाला ती शिवी द्यायची असते तेव्हा तो नुसतं 'ग्योत्स!' म्हणतो. दर उन्हाळ्यात त्याच गढीच्या अंगणात ते नाटक होतं आणि लोक तिकीट काढून त्या एका वाक्याची वाट बघत बसतात.

"म्हणजे हे गोएथेचं वाक्य आहे?" भाच्याने विचारलं. त्याच्या पानातला भात आता थोडा हलला.

"मोझार्टचंही आहे." मोझार्टने याच शब्दांवर सहा आवाजांत गायचा कॅनन रचलाय, व्हिएन्नात, मित्रमंडळींसाठी. तो वारल्यावर प्रकाशकाने शब्द बदलून 'आपण आनंदात राहू या' असे छापले. चाल तीच. म्हणजे प्रकाशकालाही अर्थ तोच लागला होता, जो तुझ्या वहीत लागला.

आणि कायद्याचं म्हणशील, तर याच राज्यातल्या एहिंगेन गावच्या न्यायालयात 2009 साली हे वाक्य आरोपी म्हणून उभं राहिलं होतं. न्यायाधीशांचं म्हणणं पडलं की श्वाबेनमध्ये एवढ्यावरून अपमान झाला असं धरता येत नाही.

"पण बाई श्वाबेनच्या नाहीत ना मामा."

"नाहीत. आणि एहिंगेनच्या माणसाने 'बिटे' म्हटलं नव्हतं."

त्याने पुन्हा मान खाली घातली.

शेवटी सोडवलं ते मायस्टरने. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाहुण्या बाईंच्या समोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला की ते वाक्य या पोराला मी शिकवलं. आमच्याकडे काम अप्रतिम झालं की आम्ही तसं म्हणतो. मात्र 'कृपया' हे त्याचं स्वतःचं; तेवढी सभ्यता आमच्यात नाही. बाईंनी भाच्याकडे पाहिलं. भाच्याने वही पुढे केली, का ते त्यालाच ठाऊक. बाईंनी रकाने वाचले, एकेक नोंद मायस्टरकडून समजून घेतली. अकराव्या नोंदीपाशी, 'आउटलायर. वगळला' याचं भाषांतर झाल्यावर, त्यांचा हॅम्बुर्गी चेहरा पहिल्यांदा सैल झाला. चाचणीच्या कागदावर 'शेरा' असा एक रकाना असतो. त्यात त्यांनी लिहिलं: काही नाही. आणि सही केली.

भाच्याने मात्र त्या दिवसापासून ते वाक्य टाकलं. बर्फ पडो, बस येवो, स्पिंडल शून्य मायक्रॉन दाखवो, हा आपला 'अतिशय चांगलं' म्हणायचा, पुस्तकातल्या माणसासारखं. शॉपमधले लोक हळहळले.

मे महिन्यात ताई आली. पहिल्या रविवारी तिने घरमालकीणबाईंना जेवायला बोलावलं. हापूस काही मिळाला नाही, पण गावातल्या तमिळ दुकानातून केसर आंब्याच्या रसाचे दोन डबे आणले, वेलची कुटून घातली, चिमूटभर मीठ घातलं, पुऱ्या तळल्या. बाई चर्चमधून थेट आल्या, मोत्यांची माळ घालून. ताईला जर्मन येत नाही, बाईंना मराठी येत नाही, पण दोघींचं छान चाललं होतं. ताईने वाटीकडे बोट दाखवून, लहान मुलाला शिकवावं तसं, तीनदा सांगितलं: "आ-म-रस. आम-रस. आमरस."

बाईंनी चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग मान हलवत, अगदी सावकाश, मनाच्या तळातून म्हणाल्या, "या... लेक मी आमार्श."

भाच्याला पुरीचा ठसका लागला. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

ताईचा चेहरा मात्र उजळला. "अगं बाई! शिकल्यासुद्धा आमरस म्हणायला!" आणि मग तिचे डोळेच भरून आले. "आणि ऐकलंस का रे? काय म्हणाल्या? 'लेक मी' म्हणाल्या! या वयात माझी लेक म्हणवून घेतायत. वाढ, वाढ त्यांना अजून एक वाटी."